उत्तर: कमी सोडियमचं मीठ आणि बीपीची गोळी

«मीठ बंद करण्यापेक्षा कमी सोडियमचं मीठ वापरा, त्याने कुणाला काय अपाय होणार?»

माझ्या काकांना झाला. वय ७४, हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू. मीठ कमी करायचं म्हणून त्यांनी ते पर्यायी मीठ आणलं आणि चव फिकी लागते म्हणून सढळ हाताने वापरलं. तीनेक आठवड्यांनी पाय इतके गळाले की खुर्चीतून उठवेना, नाडीही मंद. आम्हाला वाटलं, वयाचा थकवा. रक्तात पोटॅशियम ६.८ निघालं; साधारण ३.५ ते ५ असतं. ईसीजीही बिघडलेला, त्यामुळे लगेच दाखल केलं.

शुद्धीवर होते, म्हणून त्यांनीच विचारलं, "मी तर मीठ सोडलंय, मग हे कशाने?" डॉक्टरांनी पुडा मागवून मागची बाजू दाखवली: पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या वजनाचा निम्मा भाग निव्वळ पोटॅशियम. "काका, तुमची गोळी मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकू देत नाही, आणि तुम्ही ते चमच्याने आत घालत होतात." मूत्रपिंड आधीच थोडं मंदावलेलं, हे तेव्हाच कळलं. अमिलोराइड, ट्रायमटेरीन, इप्लेरेनोन या अशाच गोळ्या घेणाऱ्यांनाही हाच धोका, आणि बीपीच्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं.