मदत हवी आहे: ट्रेडमिल ८ दाखवते, पट्टा ७.३ नेच पळतो

साताऱ्यात पावसाळ्यात यवतेश्वर घाटात पळणं जमत नाही, म्हणून जुनी ट्रेडमिल घेतली. ८ वर ठेवूनही दम लागेना, म्हणून वेग मोजला.

प्लग काढून पट्टा हाताने फिरवत, खडूच्या खुणा करत टेपने दोनदा मोजला: लांबी २.८० मीटर. मग कडेला पांढरी चिकटपट्टी लावून २० फेऱ्यांचा वेळ घेतला. पहिली खूण दिसली की 'शून्य' म्हणायचं, 'एक' नाही. आधी तिथेच चुकत होतो. २० फेऱ्या म्हणजे ५६ मीटर. ८ च्या वेगाने त्याला २५.२ सेकंद लागायला हवेत. रिकाम्या पट्ट्याला २६.५ लागले, म्हणजे ७.६. मी पळताना बायकोने मोजलं तर २७.६, म्हणजे ७.३. तीन वेळा मोजलं, फरक पाव सेकंदाच्या आतच.

माझं वजन ७४ किलो. सिलिकॉन तेल घातलंय, मागचे दोन्ही बोल्ट पाव फेरा आवळले, पळताना व्होल्टेज २२८ होतं. मशीनचं माहितीपुस्तक नाही. पट्टा आणखी आवळायची भीती वाटते, बेअरिंग जातील.

वजन पडल्यावर पट्टा पुढच्या रोलरवर घसरतोय की मोटरच मंदावतेय, हे पुढचं झाकण काढून रोलरवरही खूण करून, त्याच २० फेऱ्यांत रोलर किती वेळा फिरतो ते रिकामं आणि पळताना मोजून कळेल का? आणि रिकामा असतानाही ७.६ च येतो, तो फरक मशीनमध्ये रोलरचा व्यास चुकीचा भरल्यामुळे असू शकतो का?