मदत हवी आहे : ‘सोना’ मराठीत कसा झोपवू?

इंदूरच्या आमच्या मंडळासाठी गणपतीत एका हिंदी प्रहसनाचं मराठी करतेय. एका जागी अडलेय. डॉक्टर नवऱ्याला म्हणतात, ‘आपके लिए सोना ज़रूरी है.’ बायको लगेच, ‘सुना? चलिए सराफ़ा!’ मराठीत झोप वेगळी नि सोनं वेगळं, मेला विनोद.

आधी ‘हार’ घेतला. डॉक्टर म्हणतात, ‘हार मानू नका.’ बायको : ‘मानायचा कशाला, घ्यायचाच!’ शेवटी नवरा : ‘हार माझी, आणि हार तिचा.’ लिंगभेदच कामी आला! पण नवरा प्रवेशभर जांभया देतो, त्या वाया जातात.

मग डॉक्टरांची ओळ काढून नवऱ्यालाच बोलतं केलं : ‘रात्रभर डोळा लागत नाही हो.’ बायको : ‘माझा आहे ना, सराफ्यातल्या पाटल्यांवर!’ झोप आणि दागिना दोन्ही राहिले. (तालमीत सासूबाई हसल्या, म्हणजे चाललं.)

आता अडचण शेवटच्या ओळीची. मूळात पाटल्यांचं बिल बघून नवरा म्हणतो, ‘अब तो मेरा सोना भी गया.’ मला ‘डोळे पांढरे झाले’ सुचतंय, पण त्यात झोप उडाल्याचं येत नाही. डोळ्यावरच फिरणारी, बिल आणि जागरण दोन्ही पकडणारी ओळ कुणाला सुचतेय का?