मदत हवी आहे: बुडता बुडता वाचलेल्याला हिरवी पट्टी की पिवळी?

आमच्याकडे चिक्कोडी-निपाणी भागात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी पूर-आपत्तीचा कागदी सराव तयार करतेय. त्यातल्या एका काल्पनिक रुग्णावर गाडी अडलीय.

दूधगंगेचा बंधारा पाण्याखाली, गावचा रस्ता बंद. म्हैस सोडवायला गेलेला १९ वर्षांचा मुलगा पाण्यात गेला, दोरीने ओढून काढला. आता स्वतः चालत शाळेतल्या निवारा केंद्रात आलाय. शुद्धीवर आहे, पण खोकतोय. श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन ९४ टक्के, छातीत खाली दोन्हीकडे बारीक चरचर.

START पद्धतीत जखमींना तातडीप्रमाणे रंगीत पट्ट्या देतात: लाल सर्वांत आधी, मग पिवळी, आणि थांबू शकणाऱ्यांना हिरवी. त्यात चालता येणारा थेट हिरव्यात जातो, श्वास मोजायची वेळच येत नाही. पण फुफ्फुसात पाणी गेलेला माणूस काही तासांनीही बिघडू शकतो. म्हणून केंद्रात दुसऱ्यांदा तपासणी ठेवली आणि चरचर ऐकू आल्यावर त्याला पिवळ्यात नेलं. इथवर वर्गाला पटतं.

खरी अडचण पुढे आहे. अंधार पडण्याआधी बोटीची एकच फेरी आणि तीत आडवं नेण्यापुरती एकच जागा. दुसरी पिवळी पट्टी मांडीचं हाड मोडलेल्या बाईला आहे. जखम उघडी नाही, पायाची नाडी लागते, फळी बांधलीय. केंद्रात ऑक्सिजन नाही, ऐंशी माणसांमागे एक नर्स. डॉक्टर फक्त फोनवर, तोही रेंज असेल तर. मुलाला बसवून न्यायचा पर्याय नावाडी देत नाही, हे गृहीत धरा.

पुरात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगावं: बोटीतून कोणाला न्याल? आणि मुलगा मागे राहिला तर किती वेळाने तपासाल, कोणत्या आकड्याला त्याची पट्टी लाल कराल?