शब्दचर्चा : ‘आशा आहे आपण कुशल असाल’च्या जागी काय लिहावं?

सेतूवाली ताई
मी वर्धेकडच्या एका गावात सेतू केंद्र चालवते. लोकांचे अर्ज भरता भरता त्यांचे ईमेलही मीच लिहून देते. मागच्या आठवड्यात आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे शेतपंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. बारा शेतकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज जोडून वीज कार्यालयाला मेल केला. सुरुवात नेहमीची: “महोदय, आशा आहे की हा ईमेल आपणास सुस्थितीत सापडेल. आम्ही खालील सह्या करणारे शेतकरी या गावचे कायम रहिवासी असून...” चार दिवस उत्तर नाही. फोन केला तर साहेब म्हणाले, “मेल दिसला होता, पण काय पाहिजे ते वरच लिहत जा न ताई.” तर हे पहिलं वाक्य काढून तिथे काय लिहावं? ‘पत्रास कारण की’ लिहिलं तर लोक हसतील का?

निवृत्त लेखनिक
‘सुस्थितीत सापडेल’ हे मराठी नाहीच. सापडतो तो हरवलेला बैल. कोणीतरी इंग्रजी वाक्याला मराठी कपडे घातले आणि ते सगळीकडे फिरलं.
‘पत्रास कारण की’ला मात्र हसू नका. त्या तीन शब्दांचं काम एकच होतं, क्षेमकुशल संपलं आणि आता मुद्दा, हे सांगायचं. त्याच्याही आधी ‘विशेष’ हा शब्द ते काम करायचा. जुन्या पत्रांत ‘येथील क्षेम जाणून स्वकीय क्षेम लिहीत जाणे’ अशा धर्तीचं वाक्य यायचं, मग ‘विशेष’, आणि त्यापुढे खरा मजकूर. वाचणाऱ्याची नजर ‘विशेष’वर जाऊन थांबायची. ‘सा.न.वि.वि.’मधला शेवटचा ‘वि.’ तोच. साष्टांग नमस्कार, विनंती, विशेष.

संत्रावाला
आमच्या बाबांच्या पत्रात ‘स.न.वि.वि.’ असायचं. मग त्यातला ‘स’ कोणता? ‘सा’ बरोबर की ‘स’?

निवृत्त लेखनिक
दोन्ही बरोबर. ‘स’ म्हणजे सप्रेम, तो बरोबरीच्याला. ‘सा’ म्हणजे साष्टांग, तो वडीलधाऱ्याला. पण ताईंचा प्रश्न तो नाही.

धुऱ्यावरचा
मले हे पटत नाई राजेहो. आपल्या इकडं कोनाच्या घरी गेलं तर आंधी ‘काय म्हनता, बरं हाय न?’ म्हंतात. मंग च्या. मंग काम. दारातूनच ‘पैसे दे’ म्हनलं तर मानूस तोंड फिरवते. मेलात काहून ती रीत मोडाची?

निवृत्त लेखनिक
कारण तिथे च्या नाही. तुम्ही ‘बरं हाय न’ विचारता तेव्हा समोरचा उत्तर देतो. कचेरीतल्या मेलला त्याचं उत्तर कोणी देत नाही आणि लिहिणाऱ्यालाही ते नको असतं. ‘महोदय, नमस्कार’ ठेवा, तेवढं पुरे. आणि साहेबांच्या घरी खरंच कोणी आजारी असेल, ते तुम्हाला माहीत असेल, तर शेवटी एक ओळ लिहा, ‘आईंची तब्येत आता कशी आहे?’ ती मनापासूनची वाटते.

कॉलेजवाला
सोपं आहे. पहिलं वाक्य लिहायचं: “आमच्या शिवारातील डीपीच्या संदर्भात हा ईमेल लिहीत आहे.” झाला उद्देश सांगून. आम्हाला शिष्यवृत्तीच्या मेलसाठी असंच शिकवलं.

निवृत्त लेखनिक
अर्धं झालं. कशाबद्दल ते कळलं, काय करायचं ते नाही. डीपी नवी बसवायची, ऑइल गळतं ते पाहायचं, की दुसरीकडे हलवायची? तिन्ही ‘डीपीच्या संदर्भात’च. एवढं तर विषयाच्या ओळीतही असतं. चाळीस वर्षं मी ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की’ लिहीत आलो. आज मान्य करतो, तेही ‘कुशल असाल’चं सख्खं भावंड होतं.

सेतूवाली ताई
मग असं चालेल का? “आमच्या गावच्या पूर्वेकडील शिवारातील नाल्याजवळची, बारा कृषिपंप जोडलेली 63 केव्हीएची डीपी रविवार दिनांक 11 रोजी रात्री जळाल्यामुळे हरभऱ्याचे ओलीत बंद पडले असल्याने ती तातडीने बदलून मिळावी, ही नम्र विनंती.” यात सगळं आलं.

बातमीची टेबलवाली
सगळं आलं, पण शेवटी आलं. मी जिल्हा पानावर बातम्या कापते, म्हणून सांगते. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला बसतं, म्हणजे काय हवंय ते टोकालाच कळतं. आणि मोबाइलवर मेल न उघडता दिसतो तो पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराची जेमतेम एक ओळ. तुमच्या पहिल्या मेलची ओळ ‘सुस्थितीत’पर्यंत गेली असेल. या वाक्याची ‘नाल्याजवळची, बारा कृषि’पर्यंत जाईल. ‘बदलून मिळावी’ दोन्ही वेळा पडद्याबाहेर.
म्हणून मराठीत उद्देश आधी सांगायचा तर पहिलं वाक्य आखूडच हवं, म्हणजे क्रियापद लवकर येतं. कारण, तारीख, पंप हे सगळं पुढच्या वाक्यांत:
“नाल्याजवळची जळालेली डीपी बदलून द्यावी, ही विनंती. 63 केव्हीएची ही डीपी रविवारी, 11 तारखेच्या रात्री जळाली. तिच्यावर बारा कृषिपंप असून हरभऱ्याचे ओलीत थांबले आहे.”

कॉलेजवाला
मग ‘कृपया’ने सुरुवात केली तर? ‘कृपया’ दिसलं की काहीतरी मागताहेत हे पहिल्याच शब्दात कळतं.

बातमीची टेबलवाली
मागताहेत हे कळतं, काय मागताहेत ते नाही. आणि कचेरीत येणारे निम्मे मेल ‘कृपया’नेच सुरू होत असतील. तरी वाईट नाही.

वायरमनचा भाऊ
शब्द सोडा, ‘नाल्याजवळची’ म्हणून त्यांना कळणार कसं? आमच्या एका गावात तीन नाले आहेत. डीपीवर रंगवलेला क्रमांक असतो तो लिहा. पुसला असेल तर तिच्यावरच्या कोणत्याही एका पंपाचा ग्राहक क्रमांक द्या, त्यावरून शोधता येते. आणि कागदोपत्री ‘रोहित्र’ लिहितात.

सेतूवाली ताई
क्रमांक विषयाच्या ओळीत टाकते. ‘रोहित्र’ लिहिलं तर माझे शेतकरी विचारतील हे काय आणि, म्हणून ‘डीपी’च ठेवते. साहेबही फोनवर डीपीच म्हणाले.

धुऱ्यावरचा
मंग ‘बरं हाय न’ पुरतंच गेलं का?

निवृत्त लेखनिक
फोनवर ठेवा की. तिथे उत्तर येतं.

सेतूवाली ताई
आज सकाळी तसाच मेल पाठवला. पण बारापैकी दोघांनी सही करायच्या आधी अडवलं. म्हणे ‘बदलून द्यावी’ म्हणजे साहेबाला हुकूम दिल्यासारखं होते, ‘मिळावी’ लिहा.

निवृत्त लेखनिक
‘मिळावी’च बरं. अर्जाची रीत तीच आहे.

बातमीची टेबलवाली
मला ‘द्यावी’ हवं. ‘मिळावी’ म्हटलं की कोणी द्यायची ते वाक्यातून गायब होतं. डीपी काय पावसासारखी वरून मिळते का?

निवृत्त लेखनिक
पुढे ‘ही विनंती’ आहे, त्यामुळे ‘द्यावी’चा हुकूम थोडा मवाळ होतो, एवढं मान्य. पण माझा हात ‘द्यावी’ लिहायला धजत नाही.

सेतूवाली ताई
मी ‘द्यावी’ खोडून ‘मिळावी’ केलं. सह्या तर त्यांच्याच हव्या होत्या न.