मदत हवी: तीन घोड्यांवर पैसे वाटून लावले, तरी नफा सारखा का नाही?

लातूरचा_मुनीम

नमस्कार मंडळी. मी लातूरला आडत दुकानात हिशोब बघतो, म्हणजे आकडेमोडीला घाबरत नाही. तरी इथं फसलो. मागच्या महिन्यात साडूकडं मुंबईला गेलो होतो, त्यानं रविवारी महालक्ष्मीला नेलं. एका रेसमध्ये मला तीन घोडे पटले. भाव होते एकास तीन, एकास पाच आणि एकास आठ. तिघांपैकी कुणीही आला तरी हातात सारखाच नफा पडावा, अशी इच्छा.

मी असं केलं: पहिल्यावर ९६०, दुसऱ्यावर ५८०, तिसऱ्यावर ३६०. एकूण १९०० रुपये. ९६० ला तीननं गुणलं तर २८८०, ५८० ला पाचनं २९००, ३६० ला आठनं २८८०. म्हणजे तिन्हीकडं सारखंच की.

आला आठच्या भावाचा. घरी येऊन पैसे मोजले तर नफा फक्त ५८०! साडू म्हणतो बुकीनं गंडवलं. मला वाटतं माझंच काहीतरी चुकलंय. कुठं?

शंकरपट_प्रेमी

एका रेसला तीन घोडे म्हणजे तनाला ना? त्यात पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम बरोबर लागावा लागतो, तिघांवर वेगवेगळे पैसे लावायचेच नसतात. माझे एकदा तीनही घोडे बरोबर होते, पण दुसरा-तिसरा उलटले. त्या रात्री जेवलो नाही. आपला शंकरपट बरा, जोडी समोर दिसते तरी.

लातूरचा_मुनीम

नाही दादा, तनाला नाही. तिघांवर वेगवेगळी विनची बेट.

बीडचा_बाळू

सोपंय राव. भाव कमी तिथं जास्त पैसे, भाव जास्त तिथं कमी. याला डचिंग म्हणतात. तुम्ही तेच केलंय, पद्धत बरोबर आहे. बुकीनंच हात मारला असणार. बरोबर केलं तर यात तोटा होतच नाही.

जुना_पंटर_परभणी

बाळू, भाव कमी तिथं जास्त पैसे हे बरोबर, शेवटची तीन वाक्यं चूक. मी रेल्वेच्या नोकरीत वीस वर्षं मुंबईत काढली आणि रिंगमध्ये बरेच पैसे घालवून हे शिकलो, म्हणून सांगतो.

मुनीम, तुम्ही जिंकणाऱ्या घोड्याची कमाई सारखी केली. पण हरलेल्या दोघांवरचे पैसे कुठं सारखे आहेत? पहिला आला असता तर ५८० आणि ३६०, म्हणजे ९४० बुडाले असते. २८८० मधून ते वजा करा, १९४० राहतात. तिसरा आला तेव्हा ९६० आणि ५८०, म्हणजे १५४० बुडाले. २८८० मधून गेले, राहिले १३४०. आठच्या भावाचा घोडा येऊन तुम्हाला सगळ्यात कमी मिळायचं ते यामुळं.

सारखं करायचं असतं ते बुकीकडून परत येणारं सगळं, तुमची मूळ रक्कम धरून. म्हणून भावात एक मिळवा: तीनचे चार, पाचचे सहा, आठचे नऊ. आता आधी ठरवा की कुणीही आला तरी खिडकीवरून ३६०० घ्यायचे आहेत. ३६०० ला चारनं भागा, ९००. सहानं भागा, ६००. नऊनं भागा, ४००. बेरीज परत १९००च. तिघांपैकी कुणीही आला की ३६०० हातात, १९०० गेलेले, नफा १७००.

पण तुम्ही ५८० म्हणता आणि माझ्या हिशोबानं तुमच्या वाटपात १३४० यायला हवे होते. मधले ७६० कुठं गेले? स्लिप नीट बघा.

लातूरचा_मुनीम

हात लावताच कळलं! स्लिपवर कर वेगळा लिहिलाय. तिन्ही मिळून ७६०. मी बेटच्या रकमाच वहीत लिहिल्या होत्या, खिशातून मात्र २६६० गेले. मुनीम म्हणवून घ्यायची लाज वाटायली.

जुना_पंटर_परभणी

मग बुकी सुटला. जीएसटी नफ्यावर नाही, पूर्ण बेटवर लागतो. आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. घोडा आला तरी ते पैसे परत येत नाहीत.

तिन्ही बेटवर कर सारख्याच दरानं असल्यामुळं वाटणीचं प्रमाण बदलत नाही. ९००, ६००, ४०० हेच राहणार. फक्त नफा १७०० ऐवजी ९४० होतो.

आता खरी गोम. करासकट २६६० घालून तुम्ही ३६०० मागता. २६६० भागिले ३६०० म्हणजे जवळपास ७४ टक्के. अशा शंभर रेस खेळलात तर त्यातल्या ७४ मध्ये तुमच्या तिघांपैकी एक यायला हवा, तेव्हा कुठं मुद्दल निघेल. आणि बुकीचे भाव काय म्हणतात? १९०० भागिले ३६००, साधारण ५३ टक्के. त्यातही बुकीचा वाटा धरलेला असतो, म्हणजे खरी शक्यता त्याहून कमीच. डचिंगनं नफा तयार होत नाही. असलेला नफा किंवा तोटा तिघांत सारखा वाटला जातो, एवढंच.

बीडचा_बाळू

मग करच टाळायचा. आपल्याकडं फोनवर घेणारे आहेत की, कर नाही, काही नाही.

जुना_पंटर_परभणी

तो धंदा बेकायदा आहे. रेसकोर्सवरचा परवानाधारक बुकी वेगळा. आणि फोनवाल्यानं पैसे बुडवले तर स्लिप कुणाला दाखवणार?

नांदेडची_गणितवाली

मी रेस खेळत नाही, घोडे बघितले ते माळेगावच्या जत्रेत. पण गणितात एक शंका. तीन बेट एकाच क्षणी लागत नाहीत. दोन लावून तिसऱ्याकडं जाईपर्यंत आठचा भाव सहा झाला तर?

जुना_पंटर_परभणी

ताई, मोठे पंटरही इथंच चुकतात. एकूण १९०० च घालायचे असा हट्ट धरला की पहिल्या दोन बेट बदलाव्या लागतात, आणि त्या तर लागून गेलेल्या. म्हणून ३६०० हा आकडा धरून ठेवायचा. सहाचा भाव म्हणजे सातनं भागा, ५१४ येतात. ४०० ऐवजी ५१४ लावा. बेरीज २०१४, करासकट सुमारे २८२०, नफा ७८० वर आला. तिन्हीकडं तो सारखाच राहिला, कमी झाला इतकंच. पाचशे लावून हिशोब सोपा केलात तरी चालेल, तिसरा आला तर शंभर कमी मिळतील.

भाव सगळ्यात जास्त हलेल असं वाटतं तो घोडा आधी घ्यायचा. आणि हे बुकीकडंच जमतं, कारण बेट लावताना दिलेला भाव तुमचा. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात तिथं, शेवटचा पैसा येईपर्यंत भाव बदलत राहतो, तिथं नफा सारखा करणं म्हणजे अंदाजच.

लातूरचा_मुनीम

आणि माझ्या तिघांपैकी एक घोडा ऐनवेळी काढून घेतला तर?

जुना_पंटर_परभणी

त्याचे पैसे परत मिळतात. पण बाकीच्या दोघांच्या जिंकलेल्या रकमेतून ठरलेल्या प्रमाणात कपात होते. म्हणजे सारखेपणा गेला. वेळ उरला असेल तर नवीन भावानं भर घालायची, नसेल तर सोडून द्यायचं.

जालना_सीए_नाही

इन्कम टॅक्स राहिलाच. रेसच्या जिंकण्यावर ३० टक्के. हरलेल्या दोन बेट त्यातून वजा करता येत नाहीत असं माझं वाचन आहे. तसं असेल तर मुनीमजींच्या ९४० वर नाही, जिंकलेल्या पूर्ण रकमेवर कर.

बीडचा_बाळू

एकाच रेसच्या बेट आहेत, वजा होणारच.

जालना_सीए_नाही

एकाच रेसच्या असल्या म्हणून काय झालं? तिन्ही स्लिपा वेगळ्या आहेत ना. एखाद्या खऱ्या सीएनं सांगावं.

शंकरपट_प्रेमी

म्हणजे हे तनाला नाहीच का?