मदत हवी आहे: व्हिप पॅनच्या कटवर झटका बसतो

शिंपला२४: टू-डी लघुपट आहे. चोडणच्या फेरीधक्क्यावरून थेट म्हापशाच्या बाजारात जायचंय, मध्ये व्हिप पॅन टाकलाय. कटवर झटका बसतो. ब्लर वाढवला, फरक नाही. परवा द्यायचंय, लवकर सांगा.

कीफ्रेमवाली: फ्रेमरेट किती? पॅन वन्सवर की टूजवर? कॅमेरा हलवलाय की चित्राचा थर?

मांडवीकाठ: ट्रायपॉडचा ड्रॅग कमी करा. आणि फेरी चालू असताना शूट करू नका, सगळं थरथरतं.

शिंपला२४: ट्रायपॉड कसला, चित्रं आहेत! 24 फ्रेम्स, सगळं टूजवर. धक्क्याच्या शॉटमध्ये कॅमेरा उजवीकडे, बाजाराच्या शॉटमध्ये थर उजवीकडे. दिशा एकच.

कीफ्रेमवाली: इथंच घोळ आहे. कॅमेरा उजवीकडे गेला की पडद्यावर चित्र डावीकडे पळतं. थर उजवीकडे सरकवला की ते उजवीकडे पळतं. म्हणजे कटवर दिशा उलटते. बाजाराचा थर डावीकडे न्या.

मग पॅन वन्सवर घ्या. पात्रं टूजवर राहिली तरी चालतील. 1920 रुंदीचा पडदा 4 फ्रेम्समध्ये ओलांडायचा तर वेग फ्रेमला 480 पिक्सेल. टूजवर तेच 960ची उडी होते आणि चित्र लुकलुकतं. ब्लर साधारण 240, म्हणजे अर्ध्या अंतराचा.

नारळपाणी: ब्लर चौपट करा, काही दिसणारच नाही.

कीफ्रेमवाली: चित्र दिसणार नाही, पण वेग मोडलेला कळेल. पहिल्या शॉटच्या शेवटी इझ लावलंय का? लावलं असेल तर कॅमेरा कटआधीच मंदावतो. इझ फक्त सुरुवातीला आणि दुसऱ्या शॉटच्या शेवटी हवं, कट भर वेगात. आणि धक्क्याचं चित्र 4,800 पिक्सेल तरी रुंद ठेवा, नाहीतर कागदाची कड दिसेल.

तिसरी_घंटा: एवढा खटाटोप कशाला? कदंबची बस आडवी न्या, तिच्या आड शॉट बदला.

कीफ्रेमवाली: चालेल, पण बसच्या खिडक्यांतून जुना शॉट दिसेल. काचा अपारदर्शक रंगवा. एखाद-दुसऱ्या फ्रेमवर पडदा पूर्ण झाकला पाहिजे. तेवढी लांब बस नसेल तर मागच्या कडेला मास्क बांधून तिथूनच बाजार उघडा. मास्क एक फ्रेम जरी मागे राहिला तरी बसमागे धक्क्याची पट्टी उरते.

तिसरी_घंटा: किंवा पोरगी धक्क्यावर छत्री उघडायला लागते, पूर्ण उघडते बाजारात. छत्री अर्धी झाली की कट. पुढच्या शॉटमध्ये मागच्या 2 फ्रेम्सची हालचाल परत द्यायची, डोळ्याला छत्री शोधायला तेवढा वेळ लागतो.

कीफ्रेमवाली: छत्री त्याच जागी, त्याच आकारात असेल तर शोधायचं काय? तिथं ती पुनरावृत्ती अडखळल्यासारखी दिसते.

तिसरी_घंटा: माझ्या पडद्यावर नाही दिसत.

शिंपला२४: थर डावीकडे नेला, पॅन वन्सवर घेतला, कटजवळचं इझ काढलं. झटका गेला! पण आता पॅन थांबताना पोरगी दोन फ्रेम्स घसरल्यासारखी वाटते.

कीफ्रेमवाली: ती टूजवर, पॅन वन्सवर, म्हणून. पॅन थांबेपर्यंत तिलाही वन्सवर काढा. ती वेगळ्या थरावर आहे ना?