मदत हवी आहे: करंट रेशो 2.5 आला, तरी शेरा काय लिहायचा?

सराव पेपरातल्या एका गणितात अडकलोय. आकडे लाखांत आहेत. चालू मालमत्ता 5, त्यात स्टॉक 3.40, येणी 1.40 आणि रोख फक्त 0.20. चालू देणी 2. म्हणजे करंट रेशो 2.5:1. मी लिहिलं, "2:1 पेक्षा जास्त, म्हणून अल्पकालीन स्थिती उत्तम." सरांनी त्यावर लाल रेघ मारून शेजारी एवढंच लिहिलंय: "स्टॉक पाहा."

पाहिला. स्टॉक वजा केला तर 1.60 भागिले 2, म्हणजे क्विक रेशो 0.8. म्हणजे माल विकल्याशिवाय देणी पूर्ण भागत नाहीत, असंच ना? पण प्रश्नात क्विक रेशो विचारलेलाच नाही. मग शेऱ्यात तो काढून दाखवला तर चालतं का, की "स्टॉकचं प्रमाण जास्त" एवढं शब्दांत पुरे?

दुसरी अडचण डेट-इक्विटीची. दीर्घकालीन कर्ज 6, शेअर भांडवल 4, राखीव निधी 2. माझं उत्तर 1:1. नंतर दिसलं की मालमत्तेच्या बाजूला नफा-तोटा खात्याची नावे बाकी 1 आहे (ती बाजू मी वाचतच नाही, जुनी खोड!). तो तोटा वजा केला तर मालकांचा निधी 5 आणि रेशो 1.2:1. हेच बरोबर ना?

आणि 1.2 ला "जोखमीचा" म्हणायचं का? एका पुस्तकात 2:1 पर्यंत चालतो म्हटलंय, दुसऱ्यात 1:1 आदर्श. व्यवसायाचा प्रकार दिलेला नसताना तुम्ही शेरा कसा लिहिता?